हजिऱ्याच्या खाडीत आकसणारा ढग

मुलताईला उगम पावलेली तापी भुसावळ, मग धुळे आणि नंदुरबार जिल्हे करत ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतेपलीकडे हजिऱ्याजवळ खंभातच्या आखाताला मिळते. तिथे गोडे पाणी खारे होते, हे सगळ्यांना दिसते. मात्र त्याच ठिकाणी पाण्यातले एक अंतर, जे कुठल्याही सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, तेरा पटींनी आकसते. नदीत ते ४.८ नॅनोमीटर असते, समुद्रात ०.३६ नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग.

हे अंतर कसले? पाण्यात विरघळलेल्या मिठाचे धन आणि ऋण आयन सुटे फिरत असतात. एखाद्या कॅल्शियम आयनाभोवती क्षणाक्षणाला थोडे जास्त ऋण आयन जमतात, धन आयन थोडे दूर राहतात. सरासरी काढली तर त्याच्याभोवती विरुद्ध भाराचा एक ढग असतो. त्या ढगाच्या जाडीला डिबाय लांबी म्हणतात. या ढगाच्या ओढीमुळे आयन जितके असतात त्यापेक्षा कमी असल्यासारखे वागतात. किती कमी, हे सांगणारा आकडा म्हणजे सक्रियता गुणांक. तो १ असेल तर आयन पूर्ण मोकळा, ०.७४ असेल तर शंभर आयनांचा परिणाम चौऱ्याहत्तर आयनांइतकाच.

ढग किती जाड असेल हे मिठाच्या प्रकारापेक्षा एका बेरजेवर ठरते. प्रत्येक आयनाची संहती घ्यायची, तिला त्याच्या भाराच्या वर्गाने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करून निम्मी करायची. लुईस आणि रँडल यांनी १९२१ साली मांडलेली ही राशी म्हणजे आयनिक तीव्रता. वर्गामुळे दोन भारांचा एक कॅल्शियम इथे चार सोडियमांइतका मोजला जातो. दोनच वर्षांनी, १९२३ मध्ये, झुरिकमध्ये पीटर डिबाय आणि एरिख ह्यूकेल यांनी ढगाचे गणित मांडले. त्यातून निघालेला सीमा-नियम एका ओळीत मावतो:

log γ = −0.509 z² √I

γ म्हणजे गुणांक, z म्हणजे भार, I म्हणजे आयनिक तीव्रता. हा स्थिरांक २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यासाठी आहे. डिबाय लांबीही याच I वरून मिळते: ०.३०४ ला I च्या वर्गमुळाने भागा, उत्तर नॅनोमीटरमध्ये.

आता नदीचे पाणी घेऊ. हिशेबासाठी असे धरू की एका लिटरमध्ये कॅल्शियम ४० मिलिग्रॅम, बायकार्बोनेट १२२, सोडियम २३ आणि क्लोराइड ३५.५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे अनुक्रमे १, २, १ आणि १ मिलिमोल. एकट्या कॅल्शियमचे चार, बाकीच्यांचे मिळून चार, बेरीज आठ, निम्मे चार. आयनिक तीव्रता ०.००४. सूत्रात घातले की सोडियमचा गुणांक ०.९३ येतो, कॅल्शियमचा ०.७४. इतक्या पातळ पाण्यातही पावभर कॅल्शियम जणू हिशेबातून गायब.

समुद्राच्या पाण्याची आयनिक तीव्रता ०.७ च्या आसपास असते, म्हणजे नदीच्या पावणेदोनशे पट. दुसऱ्या टोकाला निखळ शुद्ध पाणी, ज्यात पाण्याचेच तुटलेले आयन तेवढे असतात. तिथे ती एकाचा एक कोटीवा भाग असते. समुद्र आणि शुद्ध पाणी यांत सत्तर लाख पटींचा फरक. नॅनोमीटरचा मीटर केला तर शुद्ध पाण्यातला ढग जवळजवळ एक किलोमीटर पसरेल, तापीतला खोलीएवढा, समुद्रातला छत्तीस सेंटिमीटर. शुद्ध पाण्याची बाटली उघडी ठेवली तरी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून तो किलोमीटर दोनशे मीटरवर येतो.

मला सर्वांत थक्क करणारा आकडा मात्र ढगात प्रत्यक्ष किती आयन असतात हा आहे. डिबाय लांबीच्या त्रिज्येचा गोल कल्पिला तर शुद्ध पाण्यात त्यात सुमारे साडेचारशे आयन सापडतात. नदीच्या पाण्यात जेमतेम दीड. समुद्रात असे सात गोल धुंडाळावेत तेव्हा कुठे एक आयन हाती लागावा. दीड आयनाचा ढग कसला? तो ढग एका क्षणाच्या चित्रात नसतोच, काळाच्या सरासरीत असतो. नदीच्या पाण्यात आयन ही मांडणी सेकंदाच्या कोट्यांशाहूनही कमी वेळात नव्याने जुळवतात, त्यामुळे दीड आयनही सरासरीने गुळगुळीत ढगासारखे वागतात. समुद्रात ही सवलतही संपते.

कुठे संपते, हे दोन लांबींची तुलना केली की कळते. पाण्यात दोन एकभारी आयनांची विद्युत ऊर्जा उष्णतेच्या धडपडीइतकी होते ते अंतर ०.७ नॅनोमीटर. सीमा-नियम खरे तर या ०.७ चे ढगाच्या दुप्पट जाडीशी असलेले गुणोत्तरच आहे, भाराच्या वर्गाने गुणलेले. ढग त्यापेक्षा खूप जाड असेल तोवर नियम चोख चालतो. समुद्रात ढग ०.३६ नॅनोमीटरचा, पाण्याच्या एका रेणूपेक्षा जरासा मोठा, आणि आयन स्वतःच त्याहून फार लहान नाहीत. त्यांना बिंदू मानणारे गणित तिथे टिकत नाही.

चूक किती होते ते साध्या मिठावर तपासलेले आहे. लिटरला ०.००१ मोल मीठ असेल तर नियम ०.९६४ सांगतो, मोजमाप ०.९६५. ०.०१ ला ०.८८९ विरुद्ध ०.९०२. ०.१ ला ०.६९ विरुद्ध ०.७८. समुद्राच्या तीव्रतेला नियम ०.३७५ सांगतो, तर मोजलेला गुणांक ०.६७. कॅल्शियमचे तर विचारूच नका: नियमाप्रमाणे ०.०२, प्रत्यक्षात ०.२ च्या आसपास. दहापट चूक.

आणि ही हद्द खाडीत फार लवकर येते. नदीच्या शंभर लिटर पाण्यात समुद्राचे एकच लिटर मिसळले की आयनिक तीव्रता ०.००४ वरून ०.०११ होते. जिभेला खारटपणा जेमतेम जाणवावा एवढ्यातच नियमाची विश्वासार्ह हद्द, साधारण ०.०१, ओलांडलेली असते. म्हणून सुरतेत सिंगणपोरच्या बंधाऱ्यावरच्या गोड्या पाण्याला हे सूत्र लावता येते, खालच्या भरतीच्या पाण्याला नाही. तिथे आयनांचा आकार धरणारी सुधारित सूत्रे आणि समुद्रासाठी पिट्झर यांची १९७३ नंतरची समीकरणे वापरतात.

प्रयोगशाळेत संहती आणि सक्रियता यांतली गल्लत उघडी पडते. ईडीटीए अनुमापन एकूण कॅल्शियम मोजते, कॅल्शियमचा इलेक्ट्रोड मात्र सक्रियता मोजतो. नदीच्या पाण्यात गुणांकामुळे इलेक्ट्रोडचे वाचन जवळपास ४ मिलिव्होल्टने सरकते, समुद्राच्या पाण्यात सुमारे २१ ने. समुद्रासाठी सीमा-नियम वापरला असता तर ५० ची अपेक्षा केली असती. म्हणून रसायनशास्त्रज्ञ प्रमाणित द्रावणांत आणि नमुन्यांत मुद्दाम भरपूर दुसरे मीठ घालतात, म्हणजे सगळीकडे आयनिक तीव्रता सारखीच राहते आणि गुणांक एकदाच ठरतो.

ढगाच्या आकसण्याचा आणखी एक परिणाम पाण्यावर नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो. खानदेशच्या काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो. नदीत त्यांच्याभोवतीचे ४.८ नॅनोमीटरचे ढग त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात, म्हणून पाणी कित्येक दिवस गढूळ राहते. खाडीत ढग पातळ झाले की पापुद्रे जवळ येतात, जवळून लागू होणारी आकर्षणे जिंकतात, गुठळ्या होतात आणि गाळ बसतो. तापीचा बराचसा गाळ आता उकाईच्या जलाशयातच अडतो, आणि खाडीत प्रवाह व सेंद्रिय द्रव्येही आपला वाटा उचलतात. तरीही पुराचे लाल-काळे पाणी खारे होऊ लागते तिथे या गुठळ्यांची सुरुवात शंभरात एक-दोन भाग समुद्र मिसळताच होऊ शकते.