शेळ्या की म्हशी? परिशिष्टातला हिशेब काय सांगतो

कर्जासाठी योजना तयार करून घेतली की तिच्या शेवटी आर्थिक परिशिष्ट जोडलेले असते. त्यातल्या ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ आणि ‘अंतर्गत परतावा दर’ या दोन ओळी बहुतेक घरांत न वाचताच राहतात. शेतकरी बंधुभगिनींनो, त्या वाचायला अवघड नाहीत.

समजा, विहिरीजवळच्या जागेत एकच गोठा बसतो. शेळ्यांसाठी १ लाख रुपये लागतील आणि खर्च वजा जाता दरसाल ४० हजार उरतील. म्हशींसाठी ३ लाख लागतील आणि दरसाल १ लाख ५ हजार उरतील. मुदत दोन्हींची पाच वर्षे. हे आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. शेवटी उरणाऱ्या जनावरांची किंमत यात धरलेली नाही.

पैशाचा दर १२ टक्के धरला, तर आजचे १०० रुपये वर्षाने ११२ होतात. म्हणजे वर्षाने मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत ८९ रुपये २९ पैसे. पाचव्या वर्षीच्या शंभराची तर फक्त ५६ रुपये ७४ पैसे. अशी पाचही वर्षांची मिळकत आजच्या किमतीत आणून बेरीज करायची व तीतून भांडवल वजा करायचे. उरते ते निव्वळ वर्तमान मूल्य. शेळ्यांचे ते सुमारे ४४ हजार येते, म्हशींचे साडेअठ्ठ्याहत्तर हजार.

ज्या दराने ही शिल्लक बरोबर शून्य होते, तो अंतर्गत परतावा दर. शेळ्यांचा तो साडेअठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास, म्हशींचा बावीस. एक ओळ म्हशी घ्या म्हणते, दुसरी शेळ्या!

मग खरे कोणते मानावे? टक्केवारी रुपयामागची कमाई दाखवते. घरात एकूण किती येणार, ते दाखवत नाही. म्हणून जादा लागणाऱ्या २ लाखांचाच वेगळा हिशेब करावा. ते दरसाल ६५ हजार जास्त देतात, म्हणजे सुमारे पावणेएकोणीस टक्के. हे २ लाख १२ टक्क्यांनी मिळत असतील तर म्हशी बऱ्या. पण पैसा २० टक्क्यांनी पडत असेल तर शेळ्यांचे मूल्य साडेएकोणीस हजार राहते आणि म्हशींचे चौदा हजारांवर येते. तेव्हा शेळ्याच पत्कराव्यात. जादा भांडवल उभेच राहत नसेल, तर प्रश्नच मिटला.

परिशिष्टावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. कर्जाचे व्याज वार्षिक खर्चात धरलेले नसावे, कारण ते दरातच आलेले असते. दोनदा धरले की चांगली योजनाही तोट्याची दिसते. घरच्या माणसांची मजुरी मात्र खर्चात असावी. आणि पहिल्याच वर्षी पूर्ण उत्पन्न दाखवले असेल, तर ते कमी करून हिशेब पुन्हा मांडायला सांगा. सुरुवातीच्या वर्षांचा रुपया या हिशेबात सर्वांत जड असतो; तिथली चूकही तितकीच महाग पडते.