स्प्रिंग आणि लंबकाची जोडगोळी

प्रयोगशाळेतल्या स्टँडला एक मऊ स्प्रिंग टांगली आहे. तिला 200 ग्रॅमचे वजन अडकवले की ती 25 सेंटिमीटर लांबते आणि स्थिरावते. शेजारी दोऱ्याला धातूचा गोळा लटकतो आहे. आधारापासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबीही 25 सेंटिमीटरच. वजन थोडे खाली ओढून आणि गोळा थोडा बाजूला नेऊन दोन्ही एकदम सोडले, तर एक वर-खाली आणि दुसरा डावी-उजवीकडे झुलू लागतो. पण दोघांचीही एक फेरी साधारण 1 सेकंदातच पूर्ण होते.

हा योगायोग नाही. समतोल स्थानापासून वस्तू जितकी दूर, तितक्याच प्रमाणात तिला मागे खेचणारे बल मोठे असेल, तर तिची गती सरल हरात्मक असते. स्प्रिंगसाठी आवर्तकाल T = 2π√(m/k). पण वजन स्थिर लटकते तेव्हा mg = kx असते, म्हणजे m/k च्या जागी x/g लिहिता येते. उरते T = 2π√(x/g): लांबीच्या जागी स्प्रिंगचा ताण घातलेले लंबकाचेच सूत्र!

वजन समतोल स्थानाच्या 10 सेंटिमीटर खाली नेऊन सोडले, तर दोलनाची ऊर्जा ½kA², म्हणजे सुमारे 0.039 ज्यूल. इथे k आहे 7.84 न्यूटन प्रति मीटर. सोडताना ही सगळी ऊर्जा स्थितिज असते. मध्यावर पोहोचताच ती पूर्ण गतिज होते आणि वेग सेकंदाला 63 सेंटिमीटर होतो. तिथे खेचणारे बल शून्य असते, तरी वजन थांबत नाही; जडत्वामुळे पुढे जाते.

मग निम्म्या वाटेवर, 5 सेंटिमीटरवर, ऊर्जा निम्मी-निम्मी असेल? इथे बरेच विद्यार्थी फसतात. स्थितिज ऊर्जा अंतराच्या वर्गावर ठरते, म्हणून ती तिथे एक चतुर्थांशच असते. उरलेली तीन चतुर्थांश गतिज. लंबकातही देवाणघेवाण अशीच चालते, फक्त ऊर्जा गोळ्याच्या उंचीत साठते.

घड्याळ लावून पाहिले, तर मात्र स्प्रिंग थोडी मागे पडते. तिचे स्वतःचे वस्तुमानही हलत असते आणि त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग 200 ग्रॅममध्ये मिळवावा लागतो. स्प्रिंग 30 ग्रॅमची असेल, तर 20 फेऱ्यांत अर्धा सेकंद जास्त लागतो. लंबकाची अडचण वेगळी: गोळा 30 अंशांपर्यंत नेला, तर बल कोनाच्या प्रमाणात राहत नाही आणि आवर्तकाल पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढतो.

हीच जोडी चंद्रावर नेली, तर लंबकाला एका फेरीस जवळजवळ अडीच सेकंद लागतील. स्प्रिंगचा आवर्तकाल मात्र बदलणार नाही, कारण m आणि k तेच राहतात. कक्षेत फिरणाऱ्या यानात लंबक झुलतच नाही, स्प्रिंग झुलते. 1973 मध्ये स्कायलॅबवरच्या अंतराळवीरांनी स्प्रिंगच्या खुर्चीत स्वतःला बांधून घेतले, झोके मोजले आणि त्यावरून आपले वस्तुमान काढले.