शिबिराची रजा

राष्ट्रीय निवड शिबिराचं बोलावणं येतं तेव्हा तारखेला बहुधा फार दिवस उरलेले नसतात. आनंदाच्या भरात खेळाडू साहेबांना ईमेल पाठवतो. त्यात लहानपणापासूनचं स्वप्न असतं, प्रशिक्षकांचे आशीर्वाद असतात, पण रजा कुठून कुठपर्यंत हवी हे मात्र नसतं. साहेबांना तेवढंच हवं असतं, कारण तो ईमेल त्यांना पुढे प्रशासन विभागाकडे पाठवायचा असतो.

समजा, पुण्यातल्या एका केंद्रीय कार्यालयातली धावपटू आहे. शिबिर पतियाळाला, 10 ते 24 तारखेपर्यंत. ‘10 ते 24 रजा मिळावी’ असं तिनं लिहिलं तर प्रवास राहूनच गेला. जाण्यायेण्याचे दोन-दोन दिवस धरले की रजा 8 ते 26, म्हणजे 19 दिवसांची होते.

रजा कोणत्या खात्यात टाकायची, हा खरा कळीचा मुद्दा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला खेळासाठी वर्षाला 30 दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळू शकते, आणि ती अर्जित रजेतून वजा होत नाही. आपल्या धावपटूनं यंदा 8 दिवस आधीच वापरले असतील तर 22 उरतात, त्यात 19 बसतात. हा हिशोब तिनंच ईमेलमध्ये मांडावा. दिवस कमी पडत असते, तर वरच्या दिवसांसाठी अर्जित रजा मागावी लागली असती. खासगी कंपनीत असा ठरलेला हक्क नसतो, तिथे कंपनीचं धोरण आणि साहेबांची मर्जी.

ईमेल एवढाच पुरे:

‘मॅडम, राष्ट्रीय निवड शिबिरासाठी महासंघाचं पत्र आलं आहे, सोबत जोडलं आहे. प्रवासासह 8 ते 26 तारखेपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळावी. यंदा 8 दिवस घेतले आहेत. माझ्या टेबलावरची बिलं 7 तारखेपर्यंत पूर्ण करते. उरलेलं काम सांभाळायला शेजारच्या सहकारी तयार आहेत. परतल्यावर शिबिराच्या हजेरीचं प्रमाणपत्र देईन.’

पत्र महासंघाचंच हवं. प्रशिक्षकाचा व्हॉट्सॲप संदेश दाखवून भागत नाही, फाईल तिथेच अडते. पत्र यायला उशीर होत असेल तर तोंडी कल्पना आधीच देऊन ठेवावी.

आणखी एक वाक्य बहुतेक जण टाळतात, मला वाटतं अपशकुन नको म्हणून: ‘शिबिरातून आधीच वगळलं गेलं तर लगेच रुजू होईन, आणि निवड झाली तर स्पर्धेच्या तारखा कळताच वेगळा अर्ज करीन.’ निवड शिबिरात मध्येच नावं कमी होऊ शकतात. संघात निवड होऊन देशासाठी खेळायला गेल्यास तो काळ कामावर असल्यासारखा धरण्याची तरतूद आहे. म्हणून त्याची मागणी या रजेत मिसळू नये.