घरचं औषध, भाग ४ : बाटली बदलली, मिली तेवढेच राहिले

खडकवासल्यातल्या पालक कार्यशाळेत बालरुग्ण विभागात काम करणाऱ्या एका सिस्टरांनी टेबलावर पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या मांडल्या. ब्रँडचं नाव तिन्हींवर एकच. "ताप आलाय, तिन्हींपैकी कुठलीही द्या असं मी म्हटलं तर किती द्याल?" त्यांनी विचारलं. पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "डॉक्टरांनी मागच्या वेळी सहा मिली सांगितलं होतं, तेवढंच." सिस्टरांना नेमकी हीच चूक दाखवायची होती.

लेबलवर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेली ओळ खरी महत्त्वाची असते. साध्या सिरपवर बहुधा 'प्रत्येक ५ मिलीमध्ये १२० मिग्रॅ' असं असतं. मोठ्या मुलांच्या जास्त ताकदीच्या सिरपमध्ये त्याच ५ मिलीत २५० मिग्रॅ औषध असतं. तान्ह्या बाळांच्या थेंबांवर मात्र 'प्रत्येक १ मिलीमध्ये १०० मिग्रॅ' लिहिलेलं असतं. थेंब बाळांसाठी असतात म्हणून ते सौम्य, असं पालक धरून चालतात. प्रत्यक्षात तिन्हींत सगळ्यांत दाट तेच. बाळाच्या तोंडात औषध थोडंच जावं, म्हणून ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं.

हिशेब त्यांनी फळ्यावर मांडला. पॅरासिटामॉलचा एक डोस साधारण वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिग्रॅ. बाळ १० किलोचं असेल तर जास्तीत जास्त १५० मिग्रॅ. साध्या सिरपचे ६ मिली दिले तर १४४ मिग्रॅ पोटात जातात, ते बरोबर आहे. तेच ६ मिली २५०च्या बाटलीतून दिले तर ३०० मिग्रॅ, म्हणजे दुप्पट. आणि थेंबांच्या बाटलीतून दिले तर ६०० मिग्रॅ, चौपट! एका वेळच्या अशा चुकीने यकृत बिघडेलच असं नाही. पण ताप दोन-तीन दिवस राहतो, आणि चुकीचा डोस दिवसातून चार वेळा जात राहिला तर १० किलोच्या बाळाला रोज २४०० मिग्रॅ होतात. ते धोक्याचं आहे. थेंबांची बाटली साधारण १५ मिलीची असते. दोन-तीन डोसांत ती संपली तर तिथेच शंका यायला हवी.

उलटी चूकही होते. थेंबांचे दीड मिली लक्षात ठेवून सिरपचे दीड मिली दिले, तर जेमतेम ३६ मिग्रॅ जातं. ताप उतरत नाही, मग घरचे सर्दीचं आणखी एखादं सिरप सुरू करतात. अशा काही सिरपांतही पॅरासिटामॉल असतं. दोन बाटल्यांतून एकच औषध जातंय हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

"आम्ही चमच्यानंच देतो," मागून एक दादा म्हणाले. घरातले चमचे लहान-मोठे असतात, त्यामुळे सिस्टरांनी सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज हातात घेतली. मेडिकलमध्ये ती सहज मिळते. टोकाला टोपण असेल तर आधी काढून टाकायचं, नाहीतर ते बाळाच्या घशात जाऊ शकतं. दांडा ओढल्यावर आत हवेचा बुडबुडा राहिला तर सिरिंज उभी धरून टिचकी मारायची, हवा वर आली की बाहेर ढकलायची. आकडा काळ्या रबराच्या पुढच्या कडेशी, म्हणजे तोंडाकडच्या बाजूला वाचायचा. मागच्या कडेशी वाचलं की मोजणी चुकते. औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं.

आई कामावर, बाळ आजीकडे, अशा घरांसाठी त्यांनी फ्रिजवर कागद लावायला सांगितलं: औषधाचं नाव, किती मिली, किती वाजता. दोन डोसांत निदान चार तास आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. अगदी लहान बाळांना डॉक्टर याहूनही जास्त अंतर ठेवायला सांगू शकतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर औषध घरच्या घरी द्यायचंच नाही, आधी डॉक्टरांना दाखवायचं.

आणि जास्त गेलंच तर? इथे सिस्टरांचा आवाज चढला. पॅरासिटामॉल जास्त झालं तरी पहिल्या दिवशी मूल खेळतं, खातं; यकृताला झालेली इजा एक-दोन दिवसांनी दिसू लागते. म्हणून "बरं दिसतंय" म्हणून थांबू नये. उतारा म्हणून दिलं जाणारं ॲसिटिलसिस्टीन पहिल्या आठ तासांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी पडतं. उलटी काढायला लावू नका. लगेच रुग्णालयात जा किंवा १०८ ला फोन करा, आणि बाटली सोबत न्या. किती मिली, किती वाजता आणि बाळाचं वजन, हे तीन आकडे डॉक्टर आधी विचारतील.

त्या आजींनी शेवटी विचारलं, "मग डॉक्टरांकडून काय लिहून घ्यायचं?" सिस्टर म्हणाल्या, "आजी, चिठ्ठीवर मिलीबरोबर मिग्रॅही लिहून घ्या. मेडिकलवाल्याने दुसरी बाटली दिली, तर त्याच मिग्रॅचे किती मिली होतात ते त्याच्याकडून बाटलीवर लिहून घ्या."

(पुढच्या भागात : अँटिबायोटिकच्या पावडरीत पाणी किती आणि कसं घालायचं)