हिरवा दिवा चार वेळा लुकलुकतो तेव्हा

रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या कॅटएवढा कॉम्प्युटर. २०१२ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजहून तो विक्रीला आला आणि तेव्हापासून शाळेतले प्रकल्प, घरचे मीडिया सेंटर, शेतातले हवामान केंद्र अशा शेकडो ठिकाणी हौशी मंडळींनी तो जोडला. पण एखाद्या दिवशी तो चालू होत नाही. स्क्रीन काळी राहते, आणि घरातल्या मोठ्या कॉम्प्युटरसारखा एखादा बीप नाही की संदेश नाही. बहुतेक जण इथेच बोर्ड जळाला असे ठरवून नवा मागवतात. माझ्या अनुभवात हा निर्णय बहुतेक वेळा घाईचा असतो, कारण बोर्डवरचे दोन बारीक दिवे तेव्हाही माहिती देत असतात.

लाल दिवा विजेचा. हिरवा दिवा कामाचा, म्हणजे मुख्यतः मेमरी कार्ड वाचले जात असल्याची खूण. पाय सुरू होतो तेव्हा आधी चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटासा प्रोग्राम जागा होतो. त्यानंतर बूटलोडर चालतो. जुन्या मॉडेलांत हा बूटलोडर मेमरी कार्डावरच असे, पाय ४ पासून तो बोर्डवरच्या वेगळ्या छोट्या चिपमध्ये बसवलेला आहे. बूटलोडर कार्डाचा पहिला भाग उघडतो, तिथल्या ठरावीक नावाच्या फाइली शोधतो, आणि त्या मिळाल्या तरच पुढे लिनक्स सुरू होते. वाटेत एखादी गोष्ट मिळाली नाही तर तो थांबतो आणि हिरव्या दिव्याची ठरावीक उघडझाप सुरू करतो. काही लांब, काही आखूड, मग थोडी विश्रांती, आणि पुन्हा तेच. हा आकडा मोजायचा असतो. दिवा कसाही, अनियमित फडफडत असेल तर उलट ती चांगली खूण आहे. कार्ड वाचले जात आहे आणि बूट सुरू झाले आहे.

माझ्या ओळखीच्या एका विज्ञान शिक्षकांनी शाळेच्या गच्चीवर हवामानाची नोंद ठेवायला पाय ३ लावला होता. पावसाळ्यात पाणी शिरून तो गेला. सरांनी पाय ४ आणला, जुन्यातले कार्ड काढून नव्यात घातले आणि वीज दिली. लाल दिवा लागला, स्थिर राहिला. हिरवा मात्र चार वेळा लुकलुकायचा, थांबायचा, पुन्हा चार वेळा. सरांनी फोन केला तो ‘नवीन बोर्ड खराब निघाला’ असे सांगायलाच.

चार आखूड उघडझापी म्हणजे `start.elf` या घराण्यातली फाइल सापडली नाही. यातून एक गोष्ट लगेच सिद्ध होते: बोर्ड जिवंत आहे. चिप जागी झाली, बूटलोडर चालला, त्याने शोध घेतला आणि शोध अपुरा राहिल्याचे कळवलेसुद्धा. खात्री करायची तर कार्ड पूर्ण काढून पाय ४ ला वीज द्यावी. कार्डच नसल्यामुळे फाइल मिळणार नाही आणि ठरलेली उघडझाप दिसेल. सरांनी तसे केले, तीच चाराची उघडझाप आली. बोर्ड दुकानात परत करण्याचा विषय तिथे संपला.

मग कार्डात काय बिघडले? काहीच नाही. ते पाय ३ मध्ये वर्षानुवर्षे चालले होते. पण पाय ३ ला हवी असते `start.elf`, आणि पाय ४ शोधतो `start4.elf`. पाय ४ बाजारात आला जून २०१९ मध्ये, आणि सरांच्या कार्डावरची सिस्टिम होती त्याच्या आदल्या वर्षीची. जे मॉडेल अजून निघालेच नव्हते, त्याची फाइल त्या कार्डावर असणार कशी? पाय ५ च्या बाबतीतही हेच होते. त्याला २०२३ सालची ‘बुकवर्म’ किंवा त्यानंतरची सिस्टिम लागते. जुने कार्ड नव्या बोर्डात घालताना सिस्टिम किती सालची आहे ते आधी पाहावे.

सरांना आता नवी इमेज लागणार होती. आठवीतल्या एका हुशार मुलीने शाळेच्या कॉम्प्युटरवर ती उतरवून घेतली, नव्या ३२ जीबी कार्डावर कॉपी केली आणि कार्ड बोर्डात घातले. पुन्हा चार उघडझापी.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. खूण तीच आली, पण कारण पूर्ण वेगळे. दिवा काय मिळाले नाही ते सांगतो. का मिळाले नाही ते आपल्याला शोधावे लागते. मुलीने फाइल कॉपी केली होती, आणि इमेज कॉपी करून चालत नाही. इमेज म्हणजे संपूर्ण कार्डाचा ठसा. त्यात कार्डाचे भाग कसे पाडायचे, कोणता भाग कुठे सुरू होतो, हेसुद्धा असते. ती कार्डावर पहिल्या बाइटपासून उमटवावी लागते. साधी कॉपी केली तर कार्डावर एक भलीमोठी फाइल पडून राहते, आणि बूटलोडरला हवी असलेली `start4.elf` तिच्या पोटात बंद असते. ६४ जीबी किंवा त्याहून मोठ्या कार्डावर असे केले तर दोन लांब आणि एक आखूड अशी उघडझाप दिसू शकते. तिचा अर्थ, कार्डाचा हा भाग फॅट पद्धतीने आखलेला नाही. मोठी कार्डे कारखान्यातून एक्सफॅट पद्धतीने आखून येतात आणि बूटलोडरला ती वाचता येत नाहीत. इमेज नीट उमटवली की जुनी आखणी पुसली जाते, त्यामुळे कार्ड आधी फॉरमॅट करत बसण्याची गरज नसते.

उमटवण्यासाठी रास्पबेरी पायचाच `Raspberry Pi Imager` हा मोफत प्रोग्राम आहे. बोर्डचे मॉडेल निवडा, सिस्टिम निवडा, कार्ड निवडा, एवढेच. मॉडेल नीट निवडले तर न चालणाऱ्या सिस्टिम यादीत दिसतच नाहीत. लिहून झाल्यावर तो प्रोग्राम कार्ड पुन्हा वाचून मूळ इमेजशी ताडून पाहतो. ही पडताळणी वेळ खाते म्हणून पुष्कळ जण मधेच थांबवतात. थांबवू नये. निकृष्ट किंवा बनावट कार्ड बहुधा याच टप्प्यावर पकडले जाते, कारण त्याने ‘लिहिले’ म्हणून सांगितलेले पुन्हा वाचताना सापडत नाही.

इथे एक सापळा आहे. लिहिलेले कार्ड विंडोज कॉम्प्युटरला पुन्हा लावले की `bootfs` नावाचा छोटा भाग दिसतो, आणि सोबत दुसऱ्या एका भागासाठी फॉरमॅट करण्याची सूचना येऊ शकते. तो दुसरा भाग लिनक्सचा असतो, विंडोजला तो वाचता येत नाही, म्हणून ही सूचना. तिला होकार दिला की नुकतीच बसवलेली सिस्टिम गेली. सरांना मी हे फोनवर दोनदा बजावले. त्यांच्या जुन्या कार्डावर कित्येक पावसाळ्यांच्या नोंदी होत्या, त्याही विंडोजला न दिसणाऱ्या भागातच. नवा पाय चालू झाल्यावर जुने कार्ड यूएसबी रीडरमधून त्यालाच जोडले आणि नोंदी अलगद निघाल्या.

चालू झाला खरा, पण कॅमेरा सुरू केला की लाल दिवा क्षणभर विझायचा आणि कधीकधी बोर्ड आपोआप रीस्टार्ट व्हायचा. हे वेगळे दुखणे, आणि ते विजेचे. पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली उतरला की लाल दिवा विझतो. स्क्रीन जोडलेली असेल तर कोपऱ्यात विजेचे चिन्हही दिसते. सरांनी वापरला होता मोबाइलचा चार्जर आणि घरातली एक बारीक केबल. चार्जरवर ‘३३ वॅट’ छापले होते, म्हणून त्याच्यावर शंका कुणी घेतली नव्हती. पण ते वॅट जास्त व्होल्टेजवरचे असतात. पाय ४ ला लागतात ५ व्होल्ट, म्हणून चार्जरवरची बारीक अक्षरातली फक्त ५ व्होल्टची ओळ वाचायची. तिथे होते २ अँपिअर. पाय ४ साठी शिफारस आहे ३ अँपिअरची.

त्याहून मोठा दोष केबलचा होता. स्वस्त केबलमधल्या बारीक तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम भरतो. वीज जाते एका तारेने आणि परत येते दुसऱ्या तारेने, म्हणून मीटरभर केबलचे झाले ०.४२ ओहम. बोर्डने १ अँपिअर ओढला की ०.४२ व्होल्ट केबलमध्येच खर्च होतात. चार्जरने ५ व्होल्ट दिले तरी बोर्डपर्यंत पोचतात ४.५८, म्हणजे मर्यादेच्या खाली. कॅमेरा बंद असताना बोर्ड कमी वीज ओढतो म्हणून चालतो, आणि कॅमेरा लावला की कोसळतो. रास्पबेरी पायचा स्वतःचा अडॅप्टर ५ ऐवजी ५.१ व्होल्ट देतो तो या घटीची भरपाई म्हणूनच, आणि त्याची जाड केबल अडॅप्टरलाच कायमची जोडलेली असते. हे मल्टिमीटरने बोर्डच्या पिनांवर मोजता येते, पण टोक घसरून ५ व्होल्टची पिन शेजारच्या ३.३ व्होल्टच्या पिनेला टेकली तर चिप कायमची जाऊ शकते. नवख्याने त्यापेक्षा ही आज्ञा द्यावी:

```
vcgencmd get_throttled
```

उत्तर `throttled=0x0` आले तर वीज ठीक. `0x50005` म्हणजे वीज आत्ताही कमी पडते आहे. `0x50000` म्हणजे आत्ता ठीक आहे, पण सुरू केल्यापासून कधीतरी कमी पडली होती. सरांकडे कॅमेरा बंद करून पाहिल्यावर हेच तिसरे उत्तर आले. अडॅप्टर बदलला आणि कॅमेरा लावूनही `0x0` आले.

लाल दिवा स्थिर आहे, कार्ड काढले तरी हिरवा एकदाही लुकलुकत नाही, अशी अवस्था पाय ४ वर आली तर बोर्डवरचा बूटलोडर बिघडला असण्याची शक्यता आहे. यालाही घरी उपाय आहे. इमेजरमध्येच बूटलोडर दुरुस्तीची इमेज मिळते. ती वेगळ्या कार्डावर लिहून बोर्डात घालायची. दुरुस्ती झाली की हिरवा दिवा एका लयीत भराभर लुकलुकत राहतो आणि जोडलेली स्क्रीन पूर्ण हिरवी होते. यानंतरही दिवा शांतच राहिला, तर मात्र बोर्ड गेला असे मानायला हरकत नाही. पाय ३ वर हा उपाय लागू नाही. त्याचा बूटलोडर कार्डावरच असल्याने कार्डाशिवाय हिरवा दिवा लागत नाही, आणि त्यात बोर्डचा दोष नसतो.

सरांच्या गावात वीज जाते ती न सांगता. लिहिणे चालू असताना वीज गेली की कार्डावरच्या फाइली अर्धवट राहतात, आणि वीज आल्यावर बोर्ड पुन्हा अडतो. म्हणून तिथे आता छोटी बॅटरी बसवली आहे. बोर्ड मुद्दाम बंद करताना `sudo poweroff` द्यायचे, हिरवा दिवा पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मगच वायर काढायची, ही सूचना मुलांनी डब्याच्या झाकणावर चिकटवली आहे. चालू कार्डाची एक संपूर्ण इमेज शाळेच्या कॉम्प्युटरवर ठेवलेली आहे. कार्ड गेलेच, तर ती दुसऱ्या कार्डावर उमटवायची.