चूक त्यांची, बिल आपल्या नावावर

समजा, पुण्यातल्या एका सोसायटीत बी-३०४ मधल्या एसीत गॅस भरला गेला आणि ४,७२० रुपयांचं बिल निघालं ए-३०४ मधल्या बाईंच्या नावावर. त्यांचा त्याच कंपनीशी वार्षिक देखभाल करार असल्यामुळे नाव-पत्ता यादीत होताच. त्यांनी फोन केला तेव्हा ‘तक्रार नोंदवली’ असं सांगण्यात आलं. नंतर फोन उचलणंच बंद झालं. थकबाकीचे मेसेज मात्र नेमाने येत राहिले.

आता फोन थांबवून पत्र लिहावं. बिलावर छापलेल्या पत्त्यावर ते पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावं, तेच ईमेलनेही. बिलाचा क्रमांक, तारीख, न उचललेल्या फोनच्या तारखा आणि उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत एवढं त्यात हवं. कारागिराने काम झाल्यावर ज्या जॉब कार्डावर सही घेतली, त्याची प्रत मागावी. सही बी-३०४ ची निघाली की वाद तिथेच मिटतो. सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरातली नोंदही उपयोगी पडते.

‘सिस्टिममधून बिल काढून टाकलं’ या तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. जीएसटीचं बिल विवरणपत्रात दाखवलं गेलं की नुसतं खोडून चालत नाही. मूळ बिलाचा क्रमांक घालून क्रेडिट नोट काढावी लागते आणि खऱ्या ग्राहकाच्या नावाने नवं बिल करावं लागतं. आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर उलटला, तर त्या नोटेवर कंपनीला ७२० रुपयांचा कर वजा करून घेता येत नाही. मग ती टाळाटाळ करणारच. म्हणून पत्र लवकर जावं. बाईंनी क्रेडिट नोटेची प्रत आणि थकबाकी शून्य दाखवणारा खात्याचा उतारा, दोन्ही मागावेत. ‘कटकट नको’ म्हणून थोडीशी रक्कम भरू नये. भरलेला पैसा म्हणजे बिल मान्य, असा अर्थ काढायला कंपनी मोकळी होते.

माफीनाम्याचा मजकूरही आपणच सुचवावा. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य माझ्या मते निरुपयोगी, कारण त्यात चूक कोणाची, हेच नसतं. त्यापेक्षा असं मागावं: ‘अमुक क्रमांकाचं बिल ए-३०४ च्या नावावर चुकून काढलं, तिथे हे काम झालेलं नाही, त्यांच्याकडून काहीही येणं नाही. त्यांच्या फोनला उत्तर दिलं नाही, याबद्दल माफी मागतो.’ खाली जबाबदार माणसाची सही, हुद्दा आणि तारीख. पुढे वसुलीवाला दारात आला, तर हाच कागद दाखवता येतो.

मुदतीत उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तरीही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांत करावी लागते. मात्र आयोगापुढे आधी आपण ग्राहक आहोत हे दाखवावं लागतं. बाईंकडे देखभाल करार आहे, म्हणून त्यांची बाजू भक्कम. ज्याने कंपनीकडून कधी काहीच घेतलं नाही, त्याला ‘तुम्ही आमचे ग्राहकच नाही’ असं कंपनी तिथे सुनावू शकते.