गृहपाठाबद्दल बाईंना पत्र लिहिताना

तिसरी-चौथीतलं मूल रात्री साडेनऊ-दहापर्यंत वहीवर डुलक्या घेतं, हे चित्र आज बऱ्याच घरांत आहे. फाटकापाशी आपण आयाआया त्यावर बोलतो, पण शाळेपर्यंत ते पोहोचत नाही. म्हणून आज बोलू या वर्गशिक्षिकांना लिहायच्या पत्राबद्दल.

‘गृहपाठ फार असतो’ एवढंच लिहिलं, तर बाईंना त्यावर काही करता येत नाही. बऱ्याचदा मराठीच्या बाई थोडा देतात, गणिताच्या थोडा, इंग्रजीच्या थोडा. प्रत्येकीचा अर्ध्या तासाचा, पण त्याची बेरीज फक्त घरी दिसते. ती बेरीज बाईंना दाखवणं, हेच या पत्राचं काम.

त्यासाठी आधी सोमवार ते शुक्रवार एका कागदावर नोंद ठेवा. कोणत्या विषयाचं काय होतं, मूल किती वाजता बसलं, किती वाजता उठलं आणि झोपलं कधी. जेवणाचा आणि खेळून आल्याचा वेळ त्यात धरू नका. शिकवणीचा गृहपाठ असेल तर तो वेगळा लिहा, नाहीतर शाळेच्या माथी नको ते येईल. आणखी एक गोष्ट बघा. वीस गणितांतली पहिली आठ-दहा बरोबर आणि शेवटची चुकलेली असतील, तर मुलाला गणित येतं, ते थकलेलं आहे, असं समजायला जागा आहे.

आता तिसरीतल्या मुलीच्या आईचं पत्र कसं असेल, ते ऐका.

‘माननीय बाईंना सप्रेम नमस्कार. माझी मुलगी आपल्या वर्गात, तिसरी ब मध्ये आहे. तिला शाळा आवडते आणि आपण शिकवलेलं ती घरी येऊन सांगते. एका अडचणीबद्दल लिहीत आहे. गेल्या आठवड्यात तिला गृहपाठाला सोमवारी 2 तास, मंगळवारी दीड, बुधवारी सव्वादोन, गुरुवारी पावणेदोन आणि शुक्रवारी 2 तास लागले. एकूण साडेनऊ तास झाले. त्यातला निम्मा वेळ धडा उतरवून काढण्यात गेला. ती साडेदहाला झोपते आणि साडेसहाला उठते, म्हणजे झोप 8 तासच होते. वीसपैकी शेवटची गणितं ती झोपेत चुकवते, वही सोबत पाठवत आहे. वीसऐवजी आठ गणितं चालतील का? रात्री साडेआठनंतर राहिलेलं काम मी सही करून तसंच पाठवलं तर चालेल का? आपल्याला सोयीच्या वेळी भेटायला येईन. आपली नम्र.’

या पत्रात तक्रारीचा सूर नाही. आकडे आहेत, वही आहे आणि बाईंना लगेच ‘हो’ म्हणता येतील अशा दोनच विनंत्या आहेत. ‘सगळ्याच पालकांचं म्हणणं आहे’ असं लिहू नका, कारण काही पालक बाईंकडे जास्त गृहपाठ मागायला जातात. बाई दोन्हीकडून ऐकत असतात.

पत्र बंद पाकिटात द्या आणि एक प्रत घरी ठेवा. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर ते टाकू नका. चारचौघांत प्रश्न आला की उत्तरापेक्षा बचाव आधी येतो. मुलासमोर बाईंना नावंही ठेवू नका, उद्या त्याला त्याच वर्गात बसायचं आहे.

आता थोडं नियमाचं. केंद्र सरकारच्या 2020 सालच्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त 2 तास, असं म्हटलं आहे. दिवसाला नाही, आठवड्याला. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप हवी, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. पण ते धोरण मार्गदर्शक आहे, त्याचा दंडुका करू नका. पहिल्या पत्रात त्याचा उल्लेख नसला तरी चालेल, भेटीत शांतपणे सांगता येईल.

दोन आठवडे थांबा आणि पुन्हा पाच दिवसांची नोंद ठेवा. वेळ कमी झाला असेल तर दोन ओळी लिहून बाईंचे आभार माना. फरक नसेल तर दोन्ही नोंदी घेऊन मुख्याध्यापिकांना भेटा, पण आधी बाईंना तसं कळवून. सगळ्या विषयांचा मेळ घालणं एकट्या वर्गशिक्षिकेच्या हातात नसतं. कोणत्या वारी कोणता विषय, हे मुख्याध्यापिका ठरवू शकतात. तिथेही अडलं, तर पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय ठेवा. तोवर तुमच्याकडे दोन आठवड्यांचे आकडे असतील, आणि बोलणं त्यांच्यावरच होईल.